नंबर लागला, पण कुणाचा?

टेलिफोनवरून सर्वेक्षण करायचं तर नंबर आणायचे कुठून? डिरेक्टरीतून, असं पहिलं उत्तर येतं. अमेरिकेत सुरुवातीला तसंच करत. पण डिरेक्टरीत नाव न छापण्याची सोय तिथे होती, आणि नुकतंच घर बदललेल्या माणसाचा नवा नंबर पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत यायचा. म्हणजे डिरेक्टरीत जे नव्हते ते सगळे एका विशिष्ट तऱ्हेचे लोक होते. मग कुणीतरी म्हणालं, यादी हवीच कशाला? आकडेच आपण चिठ्ठ्या टाकून काढू.

तिथला नंबर दहा आकडी. पहिले तीन आकडे प्रदेशाचे, पुढचे तीन एक्सचेंजचे, शेवटचे चार ग्राहकाचे. पहिले सहा आकडे कुठले चालू आहेत हे कंपन्यांकडून कळतं. शेवटचे चार आपण यदृच्छेने जोडायचे. डिरेक्टरीत असलेला आणि नसलेला, दोघांनाही सारखी संधी मिळते. अडचण एवढीच, की असे पाच नंबर फिरवले तर जेमतेम एक घर लागायचं. बाकीचे बंद नंबर, दुकानं, कचेऱ्या. चौकशी करणाऱ्यांचा दिवस रिकाम्या घंटा ऐकण्यात जायचा.

सीबीएस या अमेरिकन वृत्तवाहिनीच्या वॉरन मिटॉफ्स्कींनी 1970 च्या सुमारास यावर एक युक्ती काढली आणि संख्याशास्त्रज्ञ जोसेफ वाक्सबर्ग यांनी 1978 मध्ये तिचं गणित मांडलं. शंभर-शंभर नंबरांचे गट करायचे, म्हणजे शेवटचे दोन आकडे सोडून बाकी सगळे सारखे. कंपन्या नंबर सलग वाटत असल्यामुळे काही गट घरांनी भरलेले असतात आणि काही पूर्ण कोरे. गटातला एक नंबर फिरवा. घर लागलं तर गट ठेवा, नाहीतर आख्खा गट टाकून द्या. ठेवलेल्या प्रत्येक गटातून ठरावीक घरं मिळेपर्यंत फोन करत राहा.

तुम्ही म्हणाल, यात भरलेल्या गटांना झुकतं माप मिळालं. हिशेब करून बघू. एका गटात 60 घरं, दुसऱ्यात 20. पहिला गट टिकण्याची शक्यता 60/100, दुसऱ्याची 20/100. दोन्हींतून पाच-पाच घरं घेतली, तर पहिल्यातल्या एका घराची पाळी येण्याची शक्यता 5/60 आणि दुसऱ्यातल्या घराची 5/20. आता गुणाकार करा. दोन्हीकडे उत्तर 5/100 येतं! गट निवडताना भरलेल्याला जे जास्त मिळालं, ते गटाच्या आत तेवढंच कमी झालं. प्रत्येक घराला समान संधी, आणि वाया जाणारे फोन कितीतरी कमी. मला आजही हा हिशेब फळ्यावर मांडताना आनंद होतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत होती: नंबर म्हणजे घर. मोबाइलने नेमकं तेच मोडलं. तिथल्या सरकारी आरोग्य सर्वेक्षणात लोक घरोघरी जाऊन माहिती घेतात, त्यामुळे कुणाकडे कुठला फोन आहे हे फोनवर अवलंबून न राहता कळतं. त्यानुसार 2008 च्या अखेरीस पाचातल्या एका घरात फक्त मोबाइल होता, 2016 च्या अखेरीस निम्म्याहून जास्त घरांत. आता 70 टक्क्यांहून जास्त प्रौढ तसे आहेत. शिवाय 1991 च्या कायद्याने, संमती नसेल तर मोबाइलवर यंत्राने आपोआप फोन लावायला बंदी आहे. त्यामुळे चौकशी करणाऱ्याला प्रत्येक नंबर हाताने दाबावा लागायचा. त्याने खर्च वाढायचा, म्हणून अनेक संस्था बरीच वर्षं लँडलाइनवरच भागवत राहिल्या.

त्याने किती चूक होते? वगळलेल्यांचं प्रमाण गुणिले वगळलेले आणि घेतलेले यांच्यातला फरक, एवढी. त्याच आरोग्य सर्वेक्षणात, एका दिवसात भरपूर दारू पिण्याचं प्रमाण फक्त-मोबाइलवाल्यांत लँडलाइनवाल्यांच्या जवळपास दुप्पट दिसलं होतं. हिशेबापुरते 36 आणि 18 टक्के धरा. वगळलेले 20 टक्के असतील तर उत्तर साडेतीन टक्क्यांनी कमी येतं. वगळलेले 70 टक्के झाले की साडेबारा टक्क्यांनी. मग ते सर्वेक्षण न केलेलंच बरं.

इथे विद्यार्थी हमखास विचारतात, तरुण कमी आले तर आलेल्या तरुणांना जास्त भार द्या ना, म्हणजे त्यांचं एकेक उत्तर एकापेक्षा जास्त धरा. देतात, पण आलेला तरुण कोण आहे ते पाहा. लँडलाइन उचलणारा पंचवीस वर्षांचा मुलगा बहुतेक आईवडिलांच्या घरी राहतो. जो सुटला तो मित्रांबरोबर भाड्याच्या खोलीत. वय एकच, पण रात्रीचं जेवण, विमा, मतदान सगळं वेगळं. पहिल्याला तिप्पट भार दिला म्हणून तो दुसऱ्यासारखा होत नाही, आपण चुकीचाच आवाज मोठा करतो. 2010 च्या अमेरिकन निवडणुकीआधी प्यू या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या शेवटच्या चाचणीत लँडलाइन आणि मोबाइल मिळून रिपब्लिकनांची आघाडी सहा टक्के दिसली. फक्त लँडलाइनचा नमुना घेतला तर बारा. प्रत्यक्षात ती सातच्या आसपास निघाली.

म्हणून दोन्ही प्रकारचे नंबर काढतात, आणि मग संधीचा हिशेब माणसागणिक करावा लागतो. समजा दोन्हीकडे दहा हजारांत एक नंबर निवडला. फक्त मोबाइल असलेल्याची संधी एक भाग. लँडलाइनवर घरातल्या एकाचीच मुलाखत घेतात, म्हणून घरात लँडलाइन आणि तीन प्रौढ असतील तर त्यातल्या एकाला लँडलाइनवरून एकतृतीयांश भाग. त्याच्याकडे मोबाइलही असेल तर एक आणि एकतृतीयांश. भार संधीच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून त्याला तो पाऊणच द्यायचा, आणि ज्याच्याकडे मोबाइल नाही त्या त्याच्या आईला तीन. म्हणून मुलाखतीत घरात किती प्रौढ आणि किती फोन, हे विचारावंच लागतं. ते प्रश्न कंटाळवाणे म्हणून कुणी गाळले की पुढचं गणित संपलं.

आपल्याकडे तर लँडलाइन घरोघरी पोचण्याआधीच मोबाइल आला. नंबरांची मालिका कंपनी आणि सर्कलप्रमाणे ठरते. मुंबईचं सर्कल वेगळं, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा वेगळं. सुरुवातीचे आकडे मालिकेतून घेऊन पुढचे यदृच्छेने जोडता येतात. पण बिहारचं सिम घेऊन धारावीत राहणारा कामगार मुंबईच्या मालिकेत सापडत नाही, आणि दोन सिमवाल्याला दुप्पट संधी मिळते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इथला मोबाइल पुष्कळदा एका माणसाचा नसतोच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया 54 टक्केच होत्या. फोन उचलणाऱ्यालाच प्रश्न विचारले तर जवळजवळ पुरुषांचंच सर्वेक्षण होईल. ‘सारी’ नावाच्या सर्वेक्षणाने दिल्ली, उत्तर प्रदेश, मुंबई अशा ठिकाणी हे नीट हाताळलं. मुलाखत घेणारी बाई असेल तर घरातल्या सगळ्या प्रौढ बायकांची यादी विचारायची आणि संगणक त्यातली एक निवडतो.

मी एकदा अशा फोनच्या खोलीत मागे बसून ऐकत होतो. पलीकडे एक ट्रकचालक. यादीतून त्याच्या बायकोचं नाव निघालं. तो म्हणाला, “ताई, ती गावाला आहे. फोन माझ्याकडेच असतो. शनिवारी रात्री घरी पोचतो, तेव्हा करा.” मुलीने वेळ लिहून घेतली. शनिवारी दोनदा लावला, फोन बंद. रविवारी सकाळी लागला, आणि बाईंनी पंधरा मिनिटं उत्तरं दिली. आधी मागे नवरा बोलत होता, मग त्याचा आवाज थांबला. त्या दोन बंद फोनांनंतर ‘संपर्क नाही’ असा शिक्का मारला असता, तर त्या घरातून कुणीच आलं नसतं.