शेवटचा पॅरा

नमस्कार श्रोतेहो. निवडणूक गावची असली की पेपर कोणाच्या बाजूने लिहितोय याची चर्चा चहाच्या टपरीवरही होते. मग कोणीतरी चिडून संपादकांना पत्र लिहितं. आज अशाच एका पत्राबद्दल बोलणार आहे.

जिल्ह्याच्या एका दैनिकात मी बरीच वर्षं उपसंपादक होतो. वाचकांच्या पत्रांचं सदर माझ्याकडे होतं, म्हणजे ते दुसऱ्या कोणाला नको होतं. खरं तर पेपर तिथूनच वाचायला घ्यावा, पण ते राहू द्या.

नगरपरिषदेची निवडणूक लागली आणि एक आंतरदेशीय पत्र आलं. ‘मा. संपादक, यांस, स.न.वि.वि. आपला पेपर सत्ताधारी आघाडीला विकला गेला आहे.’ खाली सही, आणि ‘पत्रकारितेची विद्यार्थिनी’. अशी पत्रं रोज यायची. मी ते बाजूला टाकलं.

चार दिवसांनी ती मुलगी थेट ऑफिसात आली. “काका, माझं पत्र का नाही छापलं?”

मी म्हटलं, “कुठल्या तारखेची बातमी, कुठलं पान, त्यात काय खटकलं? हे लिही, मग छापतो.” तारीख, पान आणि काय खटकलं. श्रोतेहो, एवढं असलं की संपादकाला पत्र टाळता येत नाही.

मुलगी हट्टी होती. आधी तिने पट्टी घेऊन कोणाला किती जागा मिळाली ते मोजलं, कॉलम सेंटीमीटरमध्ये. जागा सत्ताधाऱ्यांनाच जास्त निघाली. पण नीट वाचल्यावर कळलं की त्यातली निम्मी जागा तुंबलेल्या गटारांची आणि आठ दिवस न आलेल्या पाण्याची. म्हणजे जागा त्यांची, पण शिव्याही त्यांनाच! तिने ते मोजमाप सोडून दिलं. मला तेच आवडलं. (हल्लीचे चॅनेलवाले असं काही सोडत नाहीत, असो.)

मग तिला दुसरंच काहीतरी सापडलं. तिचे मामा तालुक्याला राहायचे. त्यांच्याकडून तिने तालुक्याची आवृत्ती मागवली आणि आमची शहर आवृत्ती तिच्या शेजारी ठेवली. माझ्या टेबलावर दोन्ही पेपर पसरून म्हणाली, “हे बघा.”

बातमी एकच होती, नळयोजना कोणामुळे रखडली याची. शहर आवृत्तीत तिचे चार पॅरे होते आणि चौथ्यात विरोधी उमेदवाराचं उत्तर. तालुका आवृत्तीत पॅरे तीनच आणि खाली खासगी क्लासची जाहिरात. उत्तर गायब. अशा अकरा बातम्या तिने ताडून पाहिल्या होत्या. सातांमध्ये उत्तर उडालं होतं आणि सातही वेळा ते एकाच बाजूचं होतं.

आता असं का होतं, ते डेस्कवर बसलेल्यालाच ठाऊक. सत्ताधारी मंडळी दुपारी चारला पत्रकार परिषद घ्यायची. टाइप केलेलं निवेदन, फोटो, सगळं वेळेत हजर. विरोधी उमेदवार दिवसभर प्रभागात फिरायचा आणि फोनवर सापडायचा रात्री आठला. बातमी तोवर लिहून झालेली असायची, म्हणून त्याचं म्हणणं शेवटी चिकटवायचं. पुढे जाहिरात आली की पान लावणारा खालून कापतो. पुन्हा सांगतो, बातमी नेहमी खालून कापतात. आमच्या त्या सात बातम्यांत पैशाचा व्यवहार नव्हता, पण वाचकापर्यंत एकच बाजू गेली ती गेलीच.

तिने नवं पत्र लिहिलं. सात तारखा, सात पानं, ‘विकले गेले’ हा शब्द कुठेही नाही. शेवटच्या पॅऱ्यात तिची मागणी होती: ज्याच्यावर आरोप आहे त्याचं उत्तर दुसऱ्याच पॅऱ्यात घ्या, म्हणजे कात्री तिथवर पोचणार नाही.

जाता जाता एक सांगतो. संपादकाने दाद दिली नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिकातली बातमी असेल तर ती छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत. पण आधी संपादकाला लिहिलेलं असावं लागतं, म्हणून त्या पत्राची प्रत जपून ठेवा. परिषद पेपरला ताकीद देते, ठपका ठेवते, दंड मात्र करू शकत नाही. आधी संपादकाला पत्र, मग परिषद, एवढं लक्षात ठेवा.

तर पत्र संपादकांनी वाचलं आणि म्हणाले, “छापा. जसंच्या तसं.” मी पान लावलं. रात्री साडेदहाला शहर आवृत्तीसाठी दहाव्याची एक जाहिरात आली. तिला नाही कसं म्हणणार? मी हाताच्या सवयीने पत्राचा शेवटचा पॅरा उडवला. काय उडवलं, ते सकाळी पेपर हातात आल्यावर कळलं.

नऊला तिचा फोन आला.

“काका, शहर आवृत्तीत माझी मागणीच नाही. मामांना विचारू का?”

मामांकडे पत्र पूर्ण आलं होतं. तालुक्याचं पान साडेनऊलाच गेलं होतं.