वजन बदलले की उतारही बदलतो: बत्तीस मोटारींवरून मॉडरेशनचा अभ्यास

पडद्यावर दिसणारा प्रत्येक ठिपका म्हणजे एक मोटार आहे. १९७४ साली ‘मोटर ट्रेंड’ या अमेरिकन मासिकातून घेतलेली ३२ मोटारींची ही माहिती आर या संगणकीय भाषेत mtcars या नावाने उपलब्ध असून, संख्याशास्त्राचे विद्यार्थी जगभर तिच्यावर हात बसवतात. आडव्या अक्षावर इंजिनाची अश्वशक्ती आहे आणि उभ्या अक्षावर एका गॅलनमध्ये गाडी किती मैल जाते तो आकडा, म्हणजे आपल्या बोलीतले ॲव्हरेज. अश्वशक्ती वाढते तसे ॲव्हरेज घसरते, हे नुसत्या डोळ्यांनीही दिसते. आपला प्रश्न त्याच्या पुढचा आहे: ही घसरण हलक्या आणि जड गाडीत सारखीच असते का?

साधे रिग्रेशन हा प्रश्न विचारूच शकत नाही. त्यात अश्वशक्तीला एक सहगुणक मिळतो, वजनाला दुसरा मिळतो, आणि अश्वशक्तीचा उतार प्रत्येक वजनाला तोच आहे असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक सैल करण्यासाठी दोन्ही चलांचा गुणाकार तिसरे पद म्हणून समीकरणात घालतात. त्यालाच आंतरक्रियेचे पद म्हणतात, आणि ज्याच्या पातळीनुसार उतार बदलतो त्या चलाला, म्हणजे इथे वजनाला, मॉडरेटर म्हणतात.

```r
m <- lm(mpg ~ hp * wt, data = mtcars)
```

या एका ओळीतून येणारे समीकरण असे आहे.

```
mpg = 49.81 - 0.120 hp - 8.22 wt + 0.0278 (hp × wt)
```

येथे mpg म्हणजे ॲव्हरेज, hp म्हणजे अश्वशक्ती आणि wt म्हणजे हजार पौंडांत मोजलेले वजन आहे. गुणाकाराच्या पदाचा पी-मूल्यांक ०.००१ पेक्षा कमी आहे, त्यामुळे उतार सर्व वजनांना सारखाच आहे हे गृहीतक या माहितीत टिकत नाही. मात्र आता अश्वशक्तीच्या उणे ०.१२० या सहगुणकाकडे पाहताना सावध राहावे लागते. तो अश्वशक्तीचा सरसकट परिणाम राहिलेला नाही; ज्या गाडीचे वजन शून्य आहे, त्या गाडीतला तो उतार आहे. अशी गाडी अस्तित्वात नाही, तरीही अहवालांमध्ये हाच आकडा ‘मुख्य परिणाम’ म्हणून छापला जातो, आणि या पद्धतीच्या वापरातली ही सर्वांत नेहमीची चूक आहे, असे माझे मत आहे. प्रत्येक वजनातून सरासरी वजन, म्हणजे ३.२१७ हजार पौंड, वजा करून तेच रिग्रेशन पुन्हा चालवले, तर अश्वशक्तीचा सहगुणक उणे ०.०३१ येतो. तो जवळजवळ एकचतुर्थांश झाला, पण गुणाकाराचा सहगुणक, त्याची प्रमाण त्रुटी आणि प्रत्येक गाडीचे अनुमानित ॲव्हरेज यांत कणभरही फरक पडलेला नाही. बदलले ते एवढेच की शून्य आता सरासरी वजनाच्या गाडीवर येऊन बसले.

एखाद्या वजनाला अश्वशक्तीचा उतार किती, हे काढणे सोपे आहे: उणे ०.१२० मध्ये ०.०२७८ गुणिले वजन मिळवायचे. रूढ पद्धतीत यासाठी तीन वजने निवडतात: सरासरी, सरासरीच्या एक प्रमाण विचलन खाली आणि तेवढेच वर. सुमारे २,२४० पौंडांच्या हलक्या गाडीत दहा अश्वशक्ती वाढली की ॲव्हरेज ०.५८ मैलांनी घटते, सरासरी वजनाच्या गाडीत ०.३१ मैलांनी घटते, आणि सुमारे ४,२०० पौंडांच्या गाडीत ही घट जेमतेम ०.०३ मैल उरते. पडद्यावरच्या तीन रेषांपैकी पहिली तीव्र उताराची आहे, तर तिसरी जवळजवळ आडवी.

हे चित्र इतके नीटस दिसते की बहुतेक अभ्यास इथेच थांबतात. पण तिसरी रेषा ज्या ४,२०० पौंडांसाठी काढली, त्या वजनाच्या आसपास मोटारी आहेत तरी किती? ४,०७० पौंडांच्या मर्सिडीजनंतर थेट ५,२५० पौंडांची कॅडिलॅक येते, आणि मधे एकही गाडी नाही. प्रमाण विचलनाच्या हिशेबाने निवडलेला बिंदू एका रिकाम्या पट्ट्यात पडला आहे. समीकरणानुसार ४,३१० पौंडांच्या आसपास अश्वशक्तीचा उतार शून्य होतो आणि पुढे चक्क धन होतो. त्यावरून ‘जड गाडीत ताकद वाढवली की ॲव्हरेज सुधारते’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर त्याच्या बाजूने कॅडिलॅक, लिंकन आणि क्रायस्लर या तीनच गाड्या उभ्या राहतात.

बिंदू निवडण्याची ही मनमानी टाळण्याचा मार्ग जॉन्सन आणि नेमन यांनी १९३६ साली दाखवला. त्यांच्या पद्धतीत वजन सलग सरकवत नेतात, प्रत्येक वजनाला उतार आणि त्याची प्रमाण त्रुटी काढतात, आणि उतार शून्यापासून खात्रीने वेगळा ठरतो ती सीमा शोधतात. पाच टक्के पातळीला आपल्या माहितीत अशा दोन सीमा मिळतात, ३,६९० पौंड आणि ५,९०० पौंड. त्यांपैकी दुसरी सरळ बाजूला ठेवायला हवी, कारण यादीतली सर्वांत जड गाडी ५,४२४ पौंडांची आहे. पहिली मात्र उपयोगाची आहे: ३,६९० पौंडांपेक्षा कमी वजनाला अश्वशक्तीचा ऋण उतार स्पष्ट दिसतो.

त्या सीमेच्या वर अश्वशक्तीचा परिणामच नसतो, असे मात्र म्हणता येत नाही. ३,६९० पौंडांच्या वर फक्त आठ गाड्या आहेत आणि त्यांपैकी एकीचीही अश्वशक्ती १७५ पेक्षा कमी नाही. जड पण कमी ताकदीची गाडी यादीत नसेल, तर जड गाड्यांमधला उतार कशावरून मोजायचा? हलक्या टोकालाही तीच अडचण आहे: २,२४० पौंडांखालच्या सहा गाड्यांमध्ये ११३ अश्वशक्तीची लोटस सर्वांत ताकदवान आहे. म्हणून प्रत्येक रेषा त्या वजनाच्या गाड्या जिथपर्यंत आहेत तिथपर्यंतच ओढावी आणि तिच्याखाली प्रत्यक्ष ठिपके दाखवावेत. हे न केल्यास आलेख वाचणाऱ्याला मोजलेली रेषा कुठे संपते आणि लांबवलेली कुठे सुरू होते, हे कळायला मार्ग राहत नाही.

आणखी एक शंका घ्यायला हवी, आणि ती मोजपट्टीबद्दलची आहे. समजा, इंजिनातल्या एका बदलामुळे हलक्या आणि जड अशा दोन्ही गाड्यांना शंभर मैलांमागे बरोबर एक गॅलन जास्त लागू लागले. ज्या गाडीचे ॲव्हरेज ३० होते ते २३ वर येईल, म्हणजे सात मैलांची घसरण. ज्या गाडीचे १५ होते ते १३ वर येईल, म्हणजे दोनच मैलांची. इंधनाच्या हिशेबात दोन्ही गाड्यांवरचा परिणाम अगदी सारखा असूनही, ॲव्हरेजच्या हिशेबात जड गाडीवर तो कमी दिसतो, आणि गुणाकाराचे पद तेवढ्यानेच धन येऊ शकते. म्हणजे आपल्याला सापडलेल्या आंतरक्रियेत वजनाचा वाटा किती आणि मैल-प्रति-गॅलन या मापाचा किती, हे पहिल्या समीकरणावरून ठरत नाही. त्यासाठी शंभर मैलांना लागणारे इंधन हे उत्तरचल घेऊन तेच रिग्रेशन पुन्हा चालवावे लागते.

```r
m2 <- lm(I(100 / mpg) ~ hp * wt, data = mtcars)
```

या दुसऱ्या समीकरणात वजनानुसार उतार बदलण्याचा अर्थ ‘एकाच वाढीव अश्वशक्तीला हलकी आणि जड गाडी वेगवेगळे जादा इंधन घेते’ असा होतो. अहवालात दोन्ही मापांवरचे गुणाकाराचे सहगुणक त्यांच्या प्रमाण त्रुटींसह शेजारी शेजारी द्यावेत, आणि दुसऱ्या मापावर आंतरक्रिया विरून जात असेल, तर वजनामुळे परिणाम बदलतो हे विधान फक्त ॲव्हरेजपुरते मर्यादित ठेवावे.