बटणाची मान

नमस्कार श्रोतेहो. गेल्या थंडीत शेजारचे आजोबा लोकरी कोट घेऊन माझ्याकडे आले. मधलं बटण तिसऱ्यांदा तुटलं होतं. "ताई, या वेळी चांगला जाड दोरा घाला," म्हणाले. मी कोट उजेडात धरला. दोऱ्याची टोकं पिंजून झिजली होती आणि बटणाच्या जागी कापडाला खळी पडली होती. दोरा चांगलाच होता. बटणाला मान नव्हती, तिथेच चुकलं होतं.

बटण आणि कापड यांच्यामध्ये दोऱ्याचा छोटासा देठ असतो, त्यालाच मी मान म्हणते. कोट लावला की काजाची पट्टी बटणाखाली जाऊन बसते. तिला तिथे जागा हवी. बटण कापडाला घट्ट चिकटवून शिवलं असेल तर ती पट्टी बटणाला वर ढकलत राहते, खालचं कापड ओढलं जातं आणि दोरा प्रत्येक वेळी बटणाच्या भोकांवर घासतो. म्हणून काजाची पट्टी जेवढी जाड, तेवढी मान उंच ठेवायची. सुती सदऱ्याला दोन मिलिमीटर पुरते, लोकरी कोटाला चार-पाच लागते.

आता हे करायचं कसं? आधी कोटाच्या दोन्ही बाजू एकमेकींवर नीट ठेवा. काज आडवं असेल तर कडेकडच्या टोकातून टाचणी खाली टोचा. बटण तिथेच येणार, कारण कोट अंगावर ताणला की बटण त्या टोकाकडेच सरकतं. दोरा दुहेरी घ्या, पण ओवल्यावर हातभरच ठेवा. लांब दोऱ्याला पीळ बसतो आणि गाठी पडतात. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की तो गुंतत नाही.

पहिले दोन टाके बटणाखाली झाकले जातील असे घ्या. मग बटण ठेवा आणि त्याच्या वर, भोकांच्या मधोमध, काडेपेटीची काडी आडवी धरा. टाके त्या काडीवरूनच घाला. चार भोकं असतील तर प्रत्येक जोडीत तीन-तीन टाके पुरेत, जास्त घातले तर भोकं गच्च होतात आणि सुई अडकते. आता काडी काढून बटण वर ओढा. काडीमुळे राहिलेला ढिला दोरा बटणाखाली येतो. सुई भोकातून खाली आणून बटण आणि कापड यांच्या मध्ये काढा आणि त्या दोऱ्यांभोवती पाच-सहा घट्ट वेढे द्या. मग त्या मानेतूनच दोनदा सुई आरपार काढा, मागच्या बाजूला जा आणि दोरा पक्का करा.

आजोबांच्या कोटाला मी मागून आणखी एक छोटं सपाट बटण लावलं आणि दोन्ही बटणांतून एकच दोरा नेला. ओढ मागच्या बटणावर पसरते, कापडाच्या दोन-चार धाग्यांवर येत नाही. बटण तुटल्यावर जरा निरखून पाहत चला. दोरा पिंजलेला दिसला तर मान कमी पडली. बटणाबरोबर कापडाचा तुकडाच निघून आला तर मागे आधार हवा होता.

बटणाऐवजी दुसरं काही लावायचं असेल, तर ओढ कुठल्या दिशेने येते ते पाहायचं. ब्लाउजचा हूक आडव्या ओढीवर टिकतो. ब्लाउज सैल झाला की ओढच राहत नाही आणि हूक आपोआप सुटतो. त्यासाठी हूक कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत लावा, आणि नुसत्या दोन कड्या शिवून थांबू नका. चोचीच्या खालून, गळ्याशी, दोन टाके घ्या, म्हणजे हूक डोकं वर काढत नाही.

वेल्क्रोचंही तसंच आहे. दोन पट्ट्या एकमेकींवरून सरकवायचा प्रयत्न केला तर ती दाद देत नाही, पण टोक धरून सोललं की लगेच निघते. म्हणून बुटाच्या पट्ट्याला ती उत्तम. बाजाराच्या पिशवीला मात्र मी लावत नाही. कोबी आणि मेथीची जुडी कोंबली की पिशवीचं तोंड दोन बाजूंना फाकतं, म्हणजे ती सोलल्यासारखीच निघते. शिवाय तिची खरखरीत बाजू जवळच्या पदराचे धागे ओढते.

टिचबटणही असंच समोरासमोर ओढलं की उघडतं. भरगच्च पिशवीला दोऱ्याचा फास आणि मानेचं मोठं बटण हेच खरं. हलक्या पिशवीला टिचबटण चालेल. ते समोरासमोर येत नाही अशी तक्रार शिवणवर्गात नेहमी असते. त्यासाठी उंचवट्याचा भाग आधी वरच्या बाजूला शिवून टाका, त्याच्या टोकाला खडू घासा आणि खालच्या कापडावर दाबा. पांढरा ठिपका उमटेल, खळगीचा मध्य बरोबर त्या ठिपक्यावर ठेवून शिवा.