‘मुलगा चांगला आहे, पण…’: चौकशीच्या पत्राला दहा ओळींचं उत्तर

(शेतकरी उत्पादक कंपन्यांचे व्यवस्थापक आणि संचालक यांच्यापुढे यवतमाळ जिल्ह्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आपल्याकडं काम केलेल्या माणसाला दुसरी कंपनी नोकरीवर घेणार असली की ती आपल्याकडे त्याची चौकशी करते. ही चौकशी बहुतेक वेळा फोनवर येते, आणि तीही नको त्या वेळी. तुम्ही काट्यावर उभे असता, मागं गाड्यांची रांग असते, आणि नागपूरहून कोणी विचारतं, ‘तुमच्याकडं अमुक मुलगा होता ना, कसा आहे?’ अशा वेळी तोंडातून निघतं, ‘चांगला आहे, मेहनती आहे.’ या उत्तरातून विचारणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण त्याच्या वहीत तोच शब्द आधीच दहा जणांपुढं लिहिलेला असतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे फोनवर मत द्यायचं नाही. ‘कंपनीच्या ईमेलवरून पत्र पाठवा, कोणत्या कामासाठी घेताय तेही लिहा, दोन दिवसांत उत्तर देतो,’ एवढं सांगायचं. मग त्या माजी सहकाऱ्याला विचारायचं, ‘माझं नाव तूच दिलंस का रे?’ त्यानं दिलं नसेल, तर उत्तर थांबवायचं. आपल्या भागात हे जास्तच जपावं लागतं. कोण कुठं नोकरी शोधतोय हे बाजाराच्या दिवशी गावभर होतं, आणि सध्याच्या मालकाच्या कानावर गेलं की त्या पोराची आहे ती नोकरीही धोक्यात येते.

आता एक प्रकरण पूर्ण घेऊ. समजा, तुमच्या सोयाबीन संकलन केंद्रावर एक पर्यवेक्षक होता. जून 2022 ते फेब्रुवारी 2025, म्हणजे पावणेतीन वर्षं. आता एका गोदाम कंपनीला तो गोदाम व्यवस्थापक म्हणून हवा आहे. मालाची पारख त्याची पक्की. गाडीतल्या वेगवेगळ्या कट्ट्यांतून परखी मारून नमुना काढायचा आणि ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला तर आकडा कास्तकाराला मीटरवरच दाखवायचा. त्यामुळं काट्यावर भांडण होत नसे. उणीव एकच. आवक जोरात असली की साठा नोंदवही त्याच दिवशी भरायची राहून जायची.

ही उणीव लिहायची की नाही, हे नव्या कामावरून ठरतं. त्याला कोणी गावोगाव फिरून खरेदी करायला नेत असेल, तर तिला दुय्यम जागा पुरे. पण इथं काम गोदामाचं आहे. नोंदणीकृत गोदामातल्या मालावर इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती निघते आणि तिच्या तारणावर बँक कर्ज देते. वहीत एक आणि थप्पीत दुसरं असं झालं, तर पावतीवरचा आकडाच खोटा ठरतो. अशा जागेसाठी ही गोष्ट दडवली, तर कंपनी फसते आणि तो मुलगाही पहिल्याच हंगामात अडचणीत येतो. म्हणून ती लिहायचीच.

लिहिण्याआधी वही उघडा. आठवण दगा देते, आणि शेवटच्या महिन्यात खटका उडाला असेल तर सगळी वर्षं तशीच वाटायला लागतात. हजेरीपटावरून तारखा घ्या. काटापट्ट्या आणि नोंदवही शेजारी ठेवून बघा, नोंद किती वेळा उशिरा झाली, किती दिवस उशिरा, आणि मालात तूट निघाली का. समजा, असं दिसलं की 2023च्या हंगामात तीन वेळा नोंद दुसऱ्या दिवशी झाली आणि तूट एकदाही नव्हती. ‘नोंदी नीट ठेवत नाही’ या वाक्यात आणि या माहितीत फार अंतर आहे. पहिलं वाक्य वाचणाऱ्याच्या मनात चोरीचा संशय पेरतं. दुसरं सांगतं की कामाचा ताण वाढला की नेमकं काय सुटतं.

आता उत्तर असं होईल:

‘सदर गृहस्थ जून 2022 ते फेब्रुवारी 2025 आमच्या संकलन केंद्रावर पर्यवेक्षक होते. मी त्यांचा थेट वरिष्ठ होतो. मालाची प्रत तपासणं आणि वजन करून घेणं हे त्यांचं काम होतं. ओलावा मोजताना ते आकडा शेतकऱ्याला दाखवत. त्यांच्या काळात प्रतीवरून लेखी तक्रार आली नाही. 2023च्या हंगामात तीन वेळा साठ्याची नोंद दुसऱ्या दिवशी झाली. मालात तूट नव्हती. पुढच्या हंगामात संध्याकाळच्या नोंदीसाठी मदतनीस दिल्यावर असं पुन्हा झालं नाही. गोदाम पावतीचं काम त्यांनी आमच्याकडे केलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल मत देत नाही. मालाच्या तपासणीसाठी मी त्यांना पुन्हा घेईन. नोंदीचीही जबाबदारी असेल, तर पहिल्या हंगामात रोजची पडताळणी ठेवून घेईन.’

यात ‘पण’ कुठंच नाही, आणि तो मुद्दाम टाळला आहे. आपल्या बोलण्यात ‘मुलगा चांगला आहे, पण…’ असं म्हटलं की ऐकणारा आधीचं सगळं विसरतो आणि ‘पण’च्या पुढचं तेवढं लक्षात ठेवतो. दोन्ही गोष्टी स्वतंत्र वाक्यांत ठेवल्या की आपापल्या वजनानं उभ्या राहतात. तसंच ‘साधा आहे’, ‘वावगं काही नाही’ हे शब्द. गावात ते कौतुकानं म्हणतात. भरती करणारा मात्र त्यातून काढतो की सांगण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही चांगल्या मनानं लिहिता आणि पोराचं नुकसान होतं.

मदतनीस दिल्यावर सुधारणा झाली, हे वाक्य माझ्या मते साऱ्या पत्रात सगळ्यांत कामाचं. माणसाला कशाची जोड दिली की काम नीट होतं, हे फक्त जुन्या वरिष्ठालाच माहीत असतं. नव्या मालकाला ते आधीच कळलं, तर तो पहिल्या दिवसापासून तशी व्यवस्था लावतो. मात्र समतोल दिसावा म्हणून ओढूनताणून उणीव शोधू नका. नसेल तर नाही.

आजारपण, सोयरीक, घरचं कर्ज, जात, गावातला गट, यातलं काही पत्रात येऊ नये. ऐकीव गोष्टही नको. ‘पैशात गडबड केली म्हणतात’ असं एक वाक्य लिहिलंत आणि चौकशी झालेलीच नसेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीचा दावा होऊ शकतो. सद्भावनेनं, आपल्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी केलेल्या विधानाला त्याच कलमात अपवाद आहे. तो अपवाद मागायला तुमच्याजवळ वही आणि काटापट्ट्या असायला हव्यात. म्हणून पत्रातलं प्रत्येक वाक्य कोणत्या कागदावरून आलं, हे आपल्या प्रतीवर पेन्सिलीनं टिपून ठेवा.

पत्र गेल्यावर पुन्हा फोन येतो, ‘ते लिहिलंत ते ठीक, आता खरं सांगा.’ यालाही उत्तर पत्रातलंच द्यायचं. फोनवर वेगळं बोललात, तर लिहिलेलं खोटं ठरतं. आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीनं खरेदीच्या कामासाठी याच माणसाबद्दल विचारलं, तर जुनं पत्र तसंच धाडू नका. तारखा त्याच राहतील, पण परखी आणि मीटर वर येतील आणि नोंदवही खाली जाईल.