फंडाच्या पोटात काय दडलंय, ते फक्त रिटर्न्सवरून

पडद्यावर हे जे आकडे सरकतायत ते एका अमेरिकन शेअर फंडाचे महिन्याचे रिटर्न्स आहेत, ट्रस्टीज कमिंगल्ड फंडाचा यू.एस. पोर्टफोलिओ, जानेवारी 1985 ते डिसेंबर 1989, म्हणजे साठ महिने. फंडात कुठले शेअर आहेत ते आपल्याला माहीत नाही असं धरा. आता या साठ आकड्यांवरून सांगायचं की फंड वागतोय कोणासारखा.

स्टॅनफर्डचे विल्यम शार्प, ज्यांना 1990 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी 1992 च्या लेखात नेमकं हेच करून दाखवलं. त्यांनी बारा इंडेक्स घेतले: ट्रेझरी बिल्स, वेगवेगळ्या मुदतीचे आणि प्रकारचे बाँड्स, व्हॅल्यू, ग्रोथ, मिडकॅप, स्मॉलकॅप, युरोप, जपान असे. आणि विचारलं, या बारांचं कुठलं मिश्रण केलं तर ते या फंडाबरोबर वरखाली होईल? हे मिश्रण म्हणजेच फंडाची स्टाइल.

पहिल्यांदा साधं रिग्रेशन लावलं, कसलंच बंधन नाही. पहिला कॉलम बघा. आर-स्क्वेअर, म्हणजे फंडाच्या चढउतारातला किती भाग मिश्रणावरून कळतो तो आकडा, 95 टक्क्यांच्या वर, बघणाऱ्याला वाटेल काम झालं. पण खाली या, व्हॅल्यू शेअर्स जवळजवळ 110 टक्के आणि मध्यम मुदतीचे सरकारी बाँड्स उणे 70 टक्के! शेअर घेऊन बसणारा साधा फंड, तो कशाला एवढे बाँड्स शॉर्ट करेल? कारण असं की सगळे बाँड इंडेक्स व्याजदराबरोबर एकत्रच हलतात, त्यामुळे रिग्रेशनला कोणाचं श्रेय कोणाला द्यायचं ते कळत नाही, मग ते एकाला भलतंच वजा करतं, दुसऱ्याला अधिक करतं आणि त्या महिन्यांतला योगायोगसुद्धा फिट करून टाकतं. बेरीज फक्त शंभर करायला लावली तरी हे चित्र फारसं बदलत नाही.

म्हणून दुसरी अट, कुठलंही वजन शून्याच्या खाली जायचं नाही. आता हे साधं रिग्रेशन राहत नाही, क्वाड्रॅटिक प्रोग्रॅमिंग लागतं, पण घाबरू नका, एक्सेलचा सॉल्व्हरसुद्धा हे करतो. आता शेवटचा कॉलम. व्हॅल्यू साधारण 70 टक्के, स्मॉलकॅप साधारण 30, बाकी जवळपास सगळं शून्य. आर-स्क्वेअर 95 वरून 92 वर आलं. माझ्या मते हे तीन टक्के गेले ते बरंच झालं, कारण हे उत्तर एखादा फंड खरंच धरू शकेल असं आहे.

एक बारकावा बरेच जण चुकवतात. सॉल्व्हरला काय कमी करायला सांगायचं? फंड आणि मिश्रण यांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज नाही, तर त्या फरकाचा व्हेरिअन्स. समजा मॅनेजर दर महिन्याला मिश्रणापेक्षा बरोब्बर अर्धा टक्का जास्त कमावतो. फरक आहे पण तो हलत नाही, व्हेरिअन्स शून्य, म्हणजे मिश्रण अचूक सापडलं आणि तो अर्धा टक्का मॅनेजरच्या खात्यात जमा झाला. वर्गांची बेरीज कमी करायला गेलात तर सॉल्व्हर तो अर्धा टक्का भरून काढायला जास्त रिटर्न देणाऱ्या इंडेक्सकडे वजन ढकलेल आणि मॅनेजरचं कसब स्टाइलमध्ये जिरून जाईल.

इंडेक्सही डिव्हिडंड धरून असलेला घ्या, आपल्याकडे ज्याला टीआरआय म्हणतात तो. फंडाच्या ग्रोथ ऑप्शनच्या एनएव्हीत डिव्हिडंड आलेला असतो, इंडेक्समध्ये नसेल तर मॅनेजर उगाच हुशार दिसतो.

आणि 30 टक्के स्मॉलकॅप आलं म्हणजे फंडात 30 टक्के छोट्या कंपन्या आहेतच असं नाही हं, रिटर्न्स तसे वागले एवढंच. लॉन्ग-शॉर्ट करणाऱ्या हेज फंडाला तर शून्याची अट लावूच नये, तिथे उणे वजन खरं असू शकतं.

सगळ्यात मोठी फसगत स्टाइल बदलल्यावर होते. एखादा फंड पहिले तीस महिने पूर्ण स्मॉलकॅपमध्ये होता, नंतरचे तीस पूर्ण लार्जकॅपमध्ये, तर साठ महिन्यांचं उत्तर येईल साधारण निम्मं-निम्मं, आणि निम्मं-निम्मं तो एक दिवसही नव्हता! हे पकडायचं तर ठरावीक महिन्यांची खिडकी घेऊन ती एकेक महिना पुढे सरकवत वजनं परत काढायची. वजनं एका इंडेक्सवरून दुसऱ्याकडे हळूहळू सरकत गेली तर फंड बदललाय, आणि दोन जुळ्यासारख्या इंडेक्समध्ये नुसती इकडून तिकडे उड्या मारत राहिली तर फंड तसाच आहे, त्यातला एक इंडेक्स काढून टाका. मॅनेजरला मार्क द्यायचे तेही असेच, मागच्या महिन्यांवरून मिश्रण ठरवायचं, ते पुढच्या महिन्याला लावायचं आणि त्या महिन्याचा जो फरक उरेल तेवढाच त्याचा.