किती शिट्ट्या, की किती मिनिटं?

नमस्कार मंडळी. स्वयंपाकघरात एक प्रश्न आपण रोज विचारतो: ‘किती शिट्ट्या काढू?’ तूरडाळीला चार, बटाट्याला तीन, छोल्यांना सात-आठ, असं कुणीतरी सांगतं आणि आपण तसं करतो. एका घरी डाळ गाळ शिजते, दुसऱ्या घरी तेवढ्याच शिट्ट्यांत दाणा टणक राहतो. मग दोष डाळीला जातो, नाहीतर कुकरला. खरं म्हणजे शिट्टी वेळ मोजतच नाही.

कुकरच्या झाकणावरचं वजन वाफेला ठराविक मर्यादेपर्यंत आत कोंडून ठेवतं. आपल्या घरगुती कुकरमध्ये ही मर्यादा साधारणपणे एका चौरस सेंटिमीटरला एक किलो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाइतकाच आणखी एक दाब. तिथवर पोचलं की पाणी सुमारे १२० अंशांना उकळतं. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उघड्या पातेल्यातलं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. पदार्थ शिजतो तो या वीस-बावीस अंशांच्या फरकामुळे झटपट. दाब मर्यादेपलीकडे गेला की वजन उचललं जातं, जास्तीची वाफ बाहेर पडते, ती शिट्टी. म्हणजे शिट्टी एवढंच सांगते की गरजेपेक्षा जास्त आच लागते आहे. १२० अंशांना डाळ किती वेळ राहिली, ते तिला ठाऊक नसतं.

घरी करून बघा. तोच कुकर, तेवढीच तूरडाळ, तेवढंच पाणी. मोठ्या गॅसवर पहिली शिट्टी झाल्यावर पुढच्या शिट्ट्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने येऊ शकतात. चार शिट्ट्या दोन मिनिटांत संपतात. आता पहिली शिट्टी होताच गॅस बारीक करा. दुसरी शिट्टी चार-पाच मिनिटांनी येते, आणि चार पूर्ण व्हायला पाव तास जातो. दोन्ही वेळा आतलं तापमान जवळपास सारखंच, फक्त मोठ्या गॅसवर जास्तीची सगळी उष्णता वाफ होऊन उडाली आणि तिच्याबरोबर तळाचं पाणीही गेलं. कुकर करपतो तो बहुतेक वेळा असा.

म्हणून माझी पद्धत साधी आहे. मोठ्या गॅसवर पहिली शिट्टी होऊ द्यायची, मग गॅस इतका बारीक करायचा की वजनाखालून हलकी फुसफुस ऐकू येईल, आणि तिथून घड्याळ लावायचं. फुसफुस पूर्ण थांबली तर दाब उतरतो आहे, आच किंचित वाढवा. वारंवार शिट्टी होते आहे तर आच कमी करा. थेट कुकरमध्ये घातलेल्या तूरडाळीला असे सहा ते आठ मिनिटं पुरतात, मूगडाळीला तीन-चार.

आता एक पदार्थ नीट उलगडून बघू. पाव किलो काबुली चणे घ्या. रात्रभर भिजवले की ते फुगून जवळपास दुप्पट वजनाचे होतात. भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ घाला. मिठाने कडधान्य शिजत नाही असं आपण ऐकत आलो आहोत, पण भिजवण्याच्या पाण्यातलं मीठ सालाला मऊच करतं. त्यामागचं कारण असं: दाण्याच्या पेशींना पेक्टिन नावाचा पदार्थ एकमेकींना चिकटवून ठेवतो, आणि कॅल्शियम त्याला घट्ट बांधून ठेवतं. मिठातलं सोडियम त्या कॅल्शियमची जागा काही अंशी घेतं, मग पेक्टिन लवकर सुटतं. बोअरच्या जड पाण्यात नेमकं उलटं घडतं. ज्यांच्या घरी बोअरचं पाणी आहे त्यांनी चण्यांपुरतं नळाचं पाणी वापरून बघा. तेही नसेल तर चिमूटभर खायचा सोडा उपयोगी पडतो. चिमूटभरच, कारण जास्त झाला तर साल सुटते आणि साबणासारखी चव येते.

भिजवलेलं पाणी ओता, नवं पाणी चण्यांच्या वर दोन बोटं राहील एवढं घाला, आणि कुकर अर्ध्याहून जास्त भरू नका. कडधान्य फुगतं, फेस येतो आणि वाफेचा मार्ग बुजतो. पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर पंधरा ते वीस मिनिटं. मग गॅस बंद करा, आणि शिट्टी उचलू नका. वाफ आपोआप जिरायला साधारण दहा मिनिटं लागतात. त्यातला मोठा भाग चणे शंभर अंशांच्या वरच असतात, म्हणजे हा शिजण्याचाच वेळ आहे. घाईने वाफ सोडली की दाण्यातलं पाणी एकदम उकळतं, साली फुटतात आणि दाणे चिरतात.

झाकण उघडल्यावर एक चणा अंगठा आणि तर्जनीत दाबा. सगळीकडून सारखा पिठूळ झाला तर झालं. मध्ये पांढरट, कडक ठिपका लागला तर पाच मिनिटं आणखी. आणि तरीही दाणा निबरच राहिला तर तो जुना माल आहे. उष्ण, दमट जागी महिनोन्‌महिने साठवलेल्या कडधान्याचं पेक्टिन सुटतच नाही. तिथे शिट्ट्या वाढवून काही होत नाही, मिनिटं वाढवून थोडंफार होतं. टोमॅटो किंवा चिंच मात्र चणे शिजल्यावरच घाला, आंबटपणात पेक्टिन सुटायला वेळ लागतो. राजम्यालाही हेच सगळं लागू, आणि तो अर्धकच्चा कधीही खाऊ नये, त्यात पोटाला अपाय करणारा घटक असतो. तो नीट उकळल्यावरच निष्प्रभ होतो.

बटाट्याचा हिशोब वेगळा. तिथे अडतं ते उष्णता मध्यापर्यंत पोचण्यापाशी. जाडी दुप्पट झाली की उष्णता मध्यापर्यंत पोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणून मध्यम बटाट्याला दहा-बारा मिनिटं पुरतात, आणि त्याच कुकरमधला मोठा बटाटा वरून फुटलेला आणि मध्ये कच्चा निघतो. आकाराने सारखे निवडा, नाहीतर मोठे दोन भाग करून टाका. उपवासाचं रताळं लांबट असलं तरी जाडीच बघायची, लांबी नाही. बीट जास्त घट्ट असल्याने मध्यम आकाराचंही पंधरा-वीस मिनिटं घेतं.

डबे लावून कुकर करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. डब्यातलं पाणी तळाच्या वाफेने तापतं, थेट आचेने नाही. पहिली शिट्टी होते तेव्हा डब्याच्या मध्यावरची डाळ कितीतरी मागे असते. म्हणून डब्यातल्या तूरडाळीला दहा-बारा मिनिटं द्यावी लागतात, वर थंड होईपर्यंतचा वेळ वेगळा. डाळ आणि भात एकत्र लावलात तर डाळ तासभर आधी भिजवा, मग भातासाठी लागणाऱ्या वेळात तीही होते. इगतपुरीकडचा इंद्रायणी मुळातच चिकट, त्याला पाणी थोडं कमीच ठेवा.

आता मिसळीच्या मटकीचं. मोड आलेली मटकी इतकी हलकी असते की तिला शिट्टीची गरजच नाही. फोडणीत परतून, जेमतेम पाणी घालून उघड्या पातेल्यातच ती बोटचेपी होते. कुकरच वापरायचा तर पहिली शिट्टी झाली की लगेच गॅस बंद करून, एवढ्या एका वेळी, वाफ सावकाश सोडून द्या. वाट बघितली तर उरलेल्या उष्णतेत मटकीचे दाणे फुटतात आणि उसळीचा गचका होतो.