थकवा आणि झोप: दोन वेगळ्या तक्रारी

आमच्याकडे येणारी निम्मी मंडळी एकच वाक्य बोलतात: "डॉक्टर, दिवसभर झोप आल्यासारखं वाटतं." तेव्हा मी विचारतो, दुपारी अंधाऱ्या खोलीत आडवं व्हायला मिळालं तर झोप लागेल का? काहीजण म्हणतात, "टेकलो की संपलं." बाकीचे म्हणतात, "नुसतं पडून राहू, डोळा लागणार नाही." या दोन उत्तरांमागचे आजार वेगळे असतात आणि उपायही वेगळे.

झोप येणं म्हणजे शांत बसलं की डुलकी लागणं. थकव्यात अंगात त्राण नसतं, कामाला हात घालवत नाही, पण डोळे मिटत नाहीत. एपवर्थ नावाची एक प्रश्नावली आहे, ती 1991 साली ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स यांनी तयार केली. वाचताना, टीव्ही पाहताना, जेवणानंतर शांत बसल्यावर अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला प्रत्येकी 0 ते 3 गुण द्यायचे. बेरीज 10 च्या वर गेली तर झोपेचा तपास करायला हवा. "नुसतं दमल्यासारखं वाटणं" यात धरू नका, अशी सूचना त्या कागदावरच असते. मुंबईकराला हे लोकलमध्येही कळतं. डोंबिवलीहून बसायला जागा मिळाली आणि ठाणं यायच्या आत रोजच मान लटकायला लागली, तर ती झोप. तासभर खिडकीशी बसूनही टक्क जागे आणि उतरताना पाय जड, तर तो थकवा.

आता एक उदाहरण नीट पाहू. समजा बेचाळीस वर्षांच्या बाई आहेत, फोर्टला नोकरी. वर्षभर थकवा आहे. झोप कमी पडते म्हणून त्या साडेअकराऐवजी साडेनऊलाच अंथरुणावर पडायला लागल्या. सकाळी सहाला उठतात. म्हणजे अंथरुणावर साडेआठ तास, पण झोपेची डायरी लिहायला सांगितल्यावर दिसतं की प्रत्यक्ष झोप सहा तासांच्या आसपास. भागाकार केला तर 70 टक्के. साधारण 85 टक्के तरी हवेत. एपवर्थचे गुण फक्त 4.

इथे काय होतं ते समजून घ्या. जागं राहू तेवढी झोपेची ओढ साठत जाते. लवकर पडलं की ती पुरती साठलेली नसते, म्हणून झोप उशिरा लागते, तुटक लागते. मग सकाळी आणखी मरगळ, आणि दुसऱ्या रात्री आणखी लवकर अंथरूण. जास्त झोपेच्या प्रयत्नानेच झोप बिघडते.

पण मुळात थकवा आला कुठून? रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 12.3, कागदावर "नॉर्मल". बरेचदा तपास इथेच थांबतो, आणि याची मला फार चीड येते. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, निघतो 9. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने निरोगी प्रौढांत 15 च्या खाली म्हणजे साठा संपलेला. हिमोग्लोबिन शेवटी घसरतं, साठा त्याआधी रिकामा होतो आणि थकवा तेव्हाच सुरू होऊ शकतो. पाळीत रक्तस्राव जास्त आहे का, हे विचारायलाच हवं. ताप किंवा सूज असताना मात्र फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा तपासू नये. त्याच रक्तात थायरॉइडसाठी टीएसएच, बी-12 आणि साखर पाहून घ्यावी. ॲलर्जीची गोळी रोज चालू असेल तर तिचं नावही सांगावं, कारण काही गोळ्यांनीही पेंग येते.

उपाय दोन्हीकडून करावा लागतो. लोहाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, चहापासून लांब. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला की लोह बरंच कमी शोषलं जातं. बरं वाटलं तरी साठा भरायला काही महिने लागतात, म्हणून मध्येच सोडू नये. आणि अंथरूण साडेअकरालाच, उठणं सहालाच, रविवारीही. पहिले एक-दोन आठवडे दिवसा जास्त पेंग येईल, ती अपेक्षितच आहे. झोप 85 टक्क्यांच्या वर गेली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं लवकर पडायचं. फेफरं किंवा बायपोलर आजार असेल, किंवा गाडी चालवण्याचं काम असेल, तर हा उपाय मनाने करू नये.

एक मर्यादा लक्षात ठेवा. घोरणं, रात्री श्वास अडकणं, सकाळी डोकं दुखणं असेल तर एपवर्थचे गुण कमी आले म्हणून निर्धास्त राहू नका. स्लीप ॲप्नियात, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याच्या आजारात, अनेकांना, विशेषतः बायकांना, झोपेपेक्षा थकवाच जास्त जाणवतो. अशा वेळी रात्रभराची झोपेची तपासणीच करावी लागते.